एकच ॲप का उरतं? नेटवर्क इफेक्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात कॉमर्स शिकवतो आणि संध्याकाळी दोन तास भावाच्या दुकानात बसतो. त्यामुळे हे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. पोरं परीक्षेसाठी विचारतात, तर दुकानदार कमिशनची पावती हातात घेऊन विचारतात. दोघांना वेगवेगळी उत्तरं देण्याचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवलंय.

नेटवर्क इफेक्ट म्हणजे नेमकं काय?

एखादी वस्तू मला किती उपयोगी पडते हे ती आणखी किती जण वापरतात यावर ठरत असेल, तर तिथे नेटवर्क इफेक्ट आहे. कुंदा घ्या. अख्ख्या बेळगावाने कुंदा खायचं सोडलं तरी माझ्या वाटीतला कुंदा तेवढाच गोड लागेल. फोनचं तसं नाही. गावात एकट्याकडेच फोन असेल तर ते टेबलावरचं खेळणं. दुसऱ्याने घेतला की माझ्या फोनची किंमत वाढली, आणि त्यासाठी मी एक पैसाही खर्च केला नाही.

आपल्याला हे नवीन नाही. आठवड्याच्या बाजाराला शेतकरी ठरलेल्या वारीच का येतो? कारण गिऱ्हाईक त्या दिवशी येतं. आणि गिऱ्हाईक त्या दिवशी का येतं? कारण शेतकरी येतो. एखाद्याने बुधवारी, सावलीच्या उत्तम जागेत, बिनपट्टीचा बाजार भरवला तरी पहिल्या बुधवारी तिथे तो आणि त्याची पाटी, दोघंच असतील.

मोठ्या कंपनीला माल स्वस्त पडतो, तोही नेटवर्क इफेक्टच ना?

नाही, ही गल्लत पेपरात दरवर्षी सापडते. शंभर पोती एकदम घेतली की पोत्यामागे भाडं कमी पडतं, तो मोठ्या प्रमाणाचा फायदा आणि तो कंपनीच्या खर्चाच्या बाजूला असतो. नेटवर्क इफेक्ट ग्राहकाच्या बाजूला असतो. काही धंद्यांत दोन्ही एकत्र येतात, म्हणूनच ते वेगळे करून बघावे लागतात. खाली यूपीआयच्या प्रश्नात हा फरक कामाला येईल.

माणसं दुप्पट झाली की नेटवर्कची किंमत चौपट होते, असं म्हणतात. खरं का?

संगणक एकमेकांना जोडणारं इथरनेट काढणाऱ्या रॉबर्ट मेटकाफच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम. गणित सोपं आहे. पाच माणसांत दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. माणसं दुप्पट, जोड्या साडेचारपट. संख्या मोठी होत गेली की हे प्रमाण चारपटीजवळ स्थिरावतं.

पण यात गृहीत असं धरलंय की प्रत्येक जोडी सारख्याच मोलाची आहे. येळ्ळूरच्या शेतकऱ्याला आपल्या ॲपवर ब्राझीलमधली दहा लाख माणसं आली म्हणून काय फरक पडतो? त्याला त्याची चाळीस-पन्नास माणसं हवीत: भावकी, सोसायटीचा सेक्रेटरी, ट्रॅक्टरवाला, पुण्यातला पोरगा, चंदगडला दिलेली मुलगी. अँड्र्यू ओडलिझको यांच्यासारख्या गणितींनी याच कारणावरून चौपटीचा हिशोब फुगवलेला असल्याचं दाखवलं आणि वाढ बरीच सौम्य असते असं मांडलं. मला तर आकड्यापेक्षा ही चाळीस-पन्नासांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माणूस कंपनीच्या एकूण आकड्याला चिकटलेला नसतो, आपल्या गोतावळ्याला चिकटलेला असतो. पुढचं सगळं इथूनच निघतं.

दुसरं ॲप चांगलं आहे हे सगळ्यांना पटतं. तरी कुणी हलत का नाही?

आमच्या घरचंच सांगतो. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या अटी बदलल्या तेव्हा देशभर सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घ्यायची लाट आली होती. पुण्यातल्या पुतण्याने आमच्या घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं की आता सगळ्यांनी सिग्नलवर यायचं. ग्रुपमध्ये आम्ही एकतीस जण. विरोध कुणाचाच नव्हता. अंगठे सगळ्यांनी दाखवले.

चार दिवसांत चौदा जण नव्या ग्रुपवर आले. चंदगडच्या मावशीचा फोन फोटोंनी गच्च भरलेला, त्यात नवीन ॲप उतरेना. खानापूरचा भावोजी म्हणाला, रविवारी बघतो. पाचव्या दिवशी चुलत बहिणीच्या बाळाच्या बारशाचं निमंत्रण आलं. ते तिने नव्या ग्रुपवर टाकलं तर चौदांना पोचणार होतं, जुन्यावर टाकलं तर एकतिसांना. कारण जे चौदा नव्यावर गेले होते, त्यांनी जुना ग्रुप सोडलेलाच नव्हता. तिने आधी दोन्हीकडे टाकलं. मग "बारसं किती वाजता?" ही विचारणा जुन्याकडे सुरू झाली, पत्ता जुन्याकडे गेला, फोटोही जुन्याकडेच आले. बाराव्या दिवशी मी नवा ग्रुप उघडला तर शेवटचा मेसेज पुतण्याचा स्वतःचाच होता, "शुभ सकाळ".

यात कुणी आळशी नव्हतं की मूर्खही नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरता बरोबरच निर्णय घेतला होता. एकतीस जण एकाच क्षणी उठले असते तर सगळ्यांचंच भलं झालं असतं, पण एकेकट्याने उठण्यात प्रत्येकाचं नुकसान होतं. अर्थशास्त्रात याला समन्वयाचा प्रश्न म्हणतात. पुढे गेलेल्या कंपनीची खरी तटबंदी हीच. तिचं ॲप चांगलं असायलाच हवं असं नाही, फक्त सगळ्यांना एकदम उठवणारा कुणी नसला की पुरे.

मग रिक्षाच्या ॲपचंही असंच होऊन शेवटी एकच उरणार?

तसंच होईल असं नाही, आणि मला वाटतं या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे.

रिक्षाच्या ॲपला दोन बाजू असतात, गिऱ्हाईक आणि रिक्षावाला. एक बाजू वाढली की दुसरीला फायदा होतो. ज्याँ तिरोल यांना 2014 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामात अशा दोन बाजूंच्या बाजारांचा अभ्यास मोठा आहे. वरवर पाहता हेही चक्र न थांबणारं वाटतं: जास्त रिक्षा म्हणजे कमी वाट, कमी वाट म्हणजे जास्त गिऱ्हाईक, आणि जास्त गिऱ्हाईक म्हणजे पुन्हा जास्त रिक्षा.

पण वाट किती कमी होते याचा हिशोब मांडून बघा. रिक्षा शहरभर विखुरलेल्या असतील तर सगळ्यात जवळच्या रिक्षाचं अंतर रिक्षांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतं. सोप्या भाषेत, रिक्षा चौपट केल्या तर वाट निम्मी होते. समजा वीस रिक्षा असताना सरासरी बारा मिनिटं थांबावं लागतं. ऐंशी रिक्षा झाल्या की सहा मिनिटं, तीनशे वीस झाल्या की तीन. बाराशे ऐंशी केल्या तरी दीड मिनिट. आता मला सांगा, तीन मिनिटं आणि दीड मिनिट यात तुम्हाला फरक जाणवेल? चपला घालून जिना उतरेपर्यंत तीन मिनिटं जातातच.

म्हणजे इथे फायदा एका टप्प्यानंतर संपतो. ज्या कंपनीकडे तीनशे रिक्षा आहेत ती, बाराशे असलेल्या कंपनीसमोर गिऱ्हाइकाच्या नजरेत जवळजवळ बरोबरीने उभी राहू शकते. कारण मला एक रिक्षा हवी असते. बारशाला मात्र सगळे हवे असतात. मेसेजच्या ॲपमध्ये आणि रिक्षाच्या ॲपमध्ये हा फरक आहे, आणि "नेटवर्क इफेक्ट आहे म्हणजे एकच उरणार" असं घाऊक विधान करणारे तो विसरतात.

एका वेळी दोन ॲप ठेवल्याने काय होतं?

मागच्या महिन्यात गोगटे सर्कलजवळून रिक्षा केली. चालकाच्या हँडलला दोन मोबाइल लावलेले, दोन्हींवर वेगवेगळं ॲप सुरू. विचारलं तर म्हणाला, "दोन्ही चालू ठेवतो की ओ. जे आधी वाजेल ते आपलं." एक वाजलं की दुसरं बंद करायचं, भाडं सोडलं की परत चालू. हे करायला त्याला तीन सेकंद लागतात.

या तीन सेकंदांमुळे बाजार बदलतो. तोच रिक्षावाला दोन्ही कंपन्यांच्या यादीत असला तर "आमच्याकडे जास्त रिक्षा" हा मोठ्या कंपनीचा फायदा उरतच नाही. नवीन येणाऱ्याला रिक्षा शून्यातून जमवाव्या लागत नाहीत, दुसऱ्याने जमवलेल्याच मिळतात. बेंगळुरूत नम्म यात्री आलं तेव्हा त्याला याचाच उपयोग झाला. भाड्यामागे कमिशन नाही, चालकाकडून ठरावीक छोटी रक्कम घ्यायची अशी त्याची पद्धत. चालकांना जुनं सोडावं लागलं नाही, फक्त आणखी एक ॲप चालू करावं लागलं.

मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही असं समजू नका. "आजच्या दिवसात इतकी भाडी पूर्ण करा, एवढा बोनस" ही योजना पाहिली असेल. तिचा अर्धा उद्देश मेहनतीला बक्षीस, उरलेला अर्धा दुसरा फोन बंद ठेवणं. बाराव्या भाड्यावर बोनस असेल आणि तुमची नऊ झाली असतील, तर दुसऱ्या ॲपवर आलेलं चांगलं भाडंही तुम्ही सोडता. हॉटेलांशी "फक्त आमच्याकडेच" असा करार केला तर कमिशन थोडं कमी लावायचं, हाही त्यातलाच प्रकार. एखादा बाजार एकाच्या हातात जातोय का हे बघायचं असेल तर डाउनलोडचा आकडा मोजू नका. दोन ठिकाणी राहणाऱ्यांचं प्रमाण घटतंय का ते बघा.

आपल्या बेळगावचं स्वतःचं ॲप का टिकत नाही?

टिकू शकतं, पण सुरुवात बहुतेक वेळा चुकते. माझ्या ओळखीच्या तीन पोरांनी घरगुती डब्यांचं ॲप काढलं होतं. वही माझ्याकडे होती, म्हणून आकडे सांगता येतात.

त्यांनी अख्खं शहर एकदम उघडलं. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा, सगळीकडून मिळून बावीस घरगुती स्वयंपाकघरं जोडली. पहिल्या महिन्यात साडेसहाशेच्या आसपास डाउनलोड झाले आणि पेढे वाटले गेले. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला सरासरी अठरा ऑर्डर येत होत्या. अठराला बावीसने भागा. एका स्वयंपाकघराला दिवसाला एकसुद्धा डबा पुरता येत नव्हता.

पुढे जे झालं ते मी काकूंच्या बाजूने सांगतो, कारण पोरांना ते उशिरा कळलं. वडगावच्या एक काकू रोज पाच डबे जादा करायच्या. भाजी, आमटी, चार चपात्या, भात. एक जायचा, चार उरायचे. आठवडाभर घरच्यांनी संध्याकाळी तेच खाल्लं. मग त्यांनी सकाळी ॲपवर "चालू" करणंच सोडलं. तिकडे हिंडलग्याच्या गिऱ्हाइकाला तीन स्वयंपाकघरं दिसायची, त्यांतली दोन बंद. उरलेलं एक वडगावचं, म्हणजे शहराचं दुसरं टोक. डबा सव्वा तासाने, गार. त्याने परत ॲप उघडलं नाही. त्यामुळे जी स्वयंपाकघरं अजून चालू होती, त्यांचे डबेही गेले. चक्र वर नेतं तसं खालीही नेतं, आणि खाली जाताना जास्त वेगाने नेतं. तीन महिन्यांत दिवसाला चार ऑर्डर उरल्या.

हे आधी ओळखता आलं असतं का?

हो. डाउनलोडऐवजी दोन आकडे बघायला हवे होते. पहिला: ॲप उघडणाऱ्या दर शंभर जणांपैकी किती जणांना त्या वेळी, त्यांच्या भागात, मागवता येण्याजोगा डबा दिसतो? नोंदी चाळल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त लोक रिकाम्या हाताने परत जात होते. दुसरा: पहिला डबा घेतलेल्यांपैकी पंधरा दिवसांत दुसरा कितींनी घेतला? हे दोन आकडे वाढत नसतील तर जाहिरातीवर घातलेला पैसा म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. उलट जाहिरातीने नुकसानच होतं, कारण नाराज होऊन जाणाऱ्यांची संख्या वाढते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी टिळकवाडीतल्या आरपीडी कॉलेजच्या आसपासचा भाग तेवढा घेतला. तिथे भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं भरपूर. स्वयंपाकघरं फक्त सहा, सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरच्या भागातून कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. दोन महिन्यांनी दिवसाला छत्तीसच्या आसपास ऑर्डर, म्हणजे प्रत्येकीला सहा. सहा डब्यांची खात्री असली की काकू रोज चूल पेटवतात. शिवाय एक पोरगा एका फेरीत चार-पाच डबे देतो, त्यामुळे पोचवण्याचा खर्चही उतरला.

यालाच क्रिटिकल मास म्हणतात, चक्र स्वतःच्या बळावर फिरायला लागणारी किमान संख्या. पण ती शहराची एक अशी नसते, ती गल्लीगल्लीची वेगळी असते. शहरभरच्या बावीसांपेक्षा एका भागातल्या सहा जास्त होत्या. बाहेरून आलेल्या श्रीमंत कंपन्या ही अडचण पैशाने भागवतात: सुरुवातीचे काही महिने चालकाला भाडं नसलं तरी ठरावीक कमाई आणि गिऱ्हाइकाला सवलत. आपल्या पोरांकडे ते नसतं, म्हणून त्यांनी लहान जागा निवडायला हवी.

ते ॲप अजून चालू आहे. मोठं झालेलं नाही. अनगोळात उघडायचं म्हटलं तर तिथे पुन्हा पहिल्यापासून सहा काकू आणि छत्तीस पोरं जमवावी लागतात. टिळकवाडीतली पुण्याई तिथे चालत नाही. यात त्यांचं दुर्दैव आहे आणि संरक्षणही, कारण मोठ्या कंपनीला सुद्धा प्रत्येक शहरात हेच करावं लागतं.

सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी वेगळं मेसेजचं ॲप काढलं तर?

हा प्रश्न मला दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो, आणि त्याच्या डोळ्यातली चमक बघून उत्तर द्यायला जड जातं.

माणसाचा गोतावळा एकाच भाषेतला असेल तर चालेल. पण बेळगावच्या मराठी माणसाचा गोतावळा भाषेच्या रेषेवर तुटत नाही. आमच्या घरचा दूधवाला कन्नड बोलतो, शेजारच्या घरात उर्दू, मुलाच्या शाळेचा ग्रुप तिन्ही भाषांत चालतो, आणि अर्धे नातेवाईक कोल्हापूर, गडहिंग्लज, गोव्यात. मराठी ॲपवर गेलो तर दूधवाला सुटला. त्याच्यासाठी जुनं ठेवलंच, तर बारशाचं निमंत्रण पुन्हा जुन्यावरच जाणार.

ट्विटरसारखं कू नावाचं ॲप आठवत असेल. 2020 साली आलं, आधी कन्नडमध्ये, मग मराठीसह इतर भाषांत. भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांसाठी ते खरंच सोयीचं होतं. जुलै 2024 मध्ये बंद पडलं. पैशाची अडचण होतीच, पण ज्यांना वाचायला लोक यायचे ते नेते, पत्रकार, खेळाडू दुसरीकडे लिहायचं थांबवत नव्हते. मग वाचणाऱ्याने मुक्काम का हलवावा?

जिओच्या फोनवरून एअरटेलला फोन लागतो. मग ॲपचं तसं का नाही?

कारण फोन कंपन्यांना एकमेकींशी जोडून घेणं बंधनकारक आहे, मेसेजच्या ॲपना आपल्याकडे तसं बंधन नाही.

फोनचंही आपोआप झालेलं नाही. अमेरिकेत 1893-94 मध्ये ग्रॅहम बेलची टेलिफोनची पेटंटं संपल्यावर शेकडो छोट्या फोन कंपन्या निघाल्या. बेलची कंपनी त्यांना आपल्या तारा जोडू देईना. परिणामी एकाच दुकानात दोन कंपन्यांचे दोन फोन ठेवायची वेळ आली, अगदी त्या रिक्षावाल्याच्या हँडलसारखी. फरक एवढाच की ते दोन्ही फोन महिन्याचं भाडं खायचे. 1913 मध्ये सरकारच्या दबावाखाली बेलच्या कंपनीने स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारा जोडू द्यायचं मान्य केलं.

आपल्याकडे जोडणी होती, तरी दरांनी तोच खेळ केला होता. वीसेक वर्षांपूर्वी "आपल्या कंपनीच्या नंबरला स्वस्त, दुसऱ्याला महाग" असे प्लॅन असायचे. आमच्या घरात त्यामुळे सगळ्यांनी एकाच कंपनीचं सिम घेतलं. त्यात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, चंदगड महाराष्ट्र सर्कलमध्ये. मावशीकडे गेलं की रोमिंग लागायचं, म्हणून वडील तिथे पोचल्या पोचल्या फोन बंद करून खिशात ठेवायचे आणि मिस कॉल द्यायला परत चालू करायचे. तारा जोडलेल्या असूनही भिंत उभी होती, फक्त ती पैशाची होती. दर सारखे झाले आणि भिंत पडली. आज मावशी कुठल्या कंपनीचं सिम वापरते हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही.

युरोपने मेसेजच्या ॲपसाठी हाच मार्ग धरलाय. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्याची बंधनं मार्च 2024 पासून लागू झाली, त्यानुसार व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवेने मागणी करणाऱ्या दुसऱ्या सेवेला जोडून घ्यायचं आहे. आपल्याकडे स्पर्धा कायदा 2002 मोठं असण्याला गुन्हा मानत नाही, मोठेपणाचा गैरवापर केला तर पकडतो. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच 2021 च्या अटींवरून व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला 213.14 कोटींचा दंड लावला, प्रकरण पुढे अपिलात गेलं. दंडाने वागणूक सुधारेलही, पण मावशी हलत नाही. जोडणी झाली तर तिला हलायची गरजच उरत नाही.

यूपीआय तर सगळ्यांना जोडलेलं आहे. तिथे तरी दोनच ॲप का?

चांगला पकडलात. 2016 मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय आणलं, त्यात जोडणी पहिल्या दिवसापासून आहे. खडेबाजारातल्या पानवाल्याचा क्यूआर कुठल्याही ॲपने वाचता येतो. माझं ॲप कुठलं आणि त्याचं कुठलं याने काही अडत नाही. म्हणजे ॲपच्या पातळीवर नेटवर्क इफेक्ट जवळपास शून्य. तरीही फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार आहेत.

याचा अर्थ इतकाच की बाजार एकवटायला नेटवर्क इफेक्ट हे एकच कारण नसतं. इथे बाकीची कारणं आहेत: सुरुवातीच्या काळातली कॅशबॅकची खैरात, दुकानादुकानात जाऊन क्यूआर आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारे डबे लावणारी माणसं, सहसा न पडणारं सर्व्हर, आणि सवय. व्यवहारावर जवळजवळ काही मिळत नसल्याने, खिशात दम असलेलाच हा खर्च करू शकतो. कुठल्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत ही मर्यादा 2020 मध्ये जाहीर झाली, पण तिची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2026 पर्यंत गेली. ज्यांचं ॲप वापरात आहे त्यांना "तुमचा कोटा संपला" कसं सांगणार, हा व्यवहाराचा प्रश्न त्यात आहेच.

दोन प्रकारच्या मोठेपणातला फरक ओळखायचा असेल तर मी ही चाचणी देतो. उद्या ते ॲप दिवसभर बंद पडलं तर काय कराल? यूपीआयचं बंद पडलं तर दुसरं उघडाल, पानवाल्याला कळणारही नाही. व्हॉट्सॲप बंद पडलं तर तुमच्याकडे दुसरं असून उपयोग नाही, समोरच्याकडेही तेच असायला हवं. पहिल्या कंपनीला रोज सेवा चांगली ठेवावी लागते. दुसरीला तितकी घाई नसते.

एकदा बसलेली कंपनी कधीच उठत नाही का?

फेसबुकसारख्याच ऑर्कुटला विचारा. 2004 मध्ये आलं, भारतात आणि ब्राझीलमध्ये तुफान चाललं, 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. माझ्या पहिल्या बॅचची पोरं तिथे एकमेकांना स्क्रॅप म्हणजे निरोप लिहायची. मग एक कंपू फेसबुकवर गेला. अख्खं जग हलवावं लागलं नाही, एका वर्गातले पंधरा जण हलले तरी त्यांच्यापुरतं ऑर्कुट ओसाड झालं. गोतावळा लहान आणि घट्ट असला, सगळ्यांचं वय एक असलं, तर हलणं सोपं जातं. आमच्या एकतीस जणांच्या ग्रुपमध्ये वयाचं अंतर साठ वर्षांचं होतं.

मी लहान दुकानदार आहे. मोठ्या ॲपवर अडकलोय हे कसं कळेल?

तुम्ही उद्या ते ॲप सोडलंत तर काय काय मागे राहील याची यादी करा. कमिशन दिसतं म्हणून सगळे त्यावर बोलतात, पण खरी अडक दुसरीकडे असते. आमच्या गल्लीत एक खानावळवाला आहे. चार वर्षांत त्याने एका ॲपवर आठशेच्या वर अभिप्राय आणि 4.4 चे तारे मिळवले. कमिशन वाढलं तेव्हा त्याने दुसऱ्या ॲपवर नोंदणी केली. जेवण तेच, आचारी तोच, पण तिथे त्याच्या नावापुढे "नवीन" असं लिहून आलं आणि यादीत तो विसाव्या नंबरवर गेला. तारे त्याने मिळवलेले होते, पण ते त्याचे नव्हते. गिऱ्हाइकांचे नंबरही ॲपने त्याला कधी दिले नव्हते.

आता तो प्रत्येक डब्याबरोबर एक छोटी चिठ्ठी घालतो, त्यावर त्याचा स्वतःचा फोन नंबर आणि "थेट मागवल्यास सोलकढी मोफत". दोन्ही ॲप चालू ठेवलीत. थेट येणाऱ्या ऑर्डरी तो शाळेच्या वहीत लिहितो, नाव, गल्ली, तिखट की कमी तिखट. मागच्या आठवड्यात मोजली तेव्हा वहीत एकशे बारा घरं झाली होती.